दोन ते पाच

आमच्या घरी दर रविवारी नीटची परीक्षा व्हायची. घरी म्हणजे लातूरच्या खोलीत. खरं घर कंधारला. क्लासच्या गल्लीत आई आणि मी ही खोली भाड्यानं घेऊन राहत होतो, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, रविवारी सकाळच्या गाडीनं पर्यवेक्षक होऊन यायचे. एरवी ते कंधारच्या एका हायस्कुलात क्लार्क. माझी ही तिसरी खेप होती, आणि शेवटची, हे ठरलेलं होतं. डॉक्टर होणार असं मी दहावीत म्हणाले होते. त्यानंतर मला पुन्हा कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

पहिल्या निकालाला मी पोटभर रडले. दुसऱ्या निकालाला मात्र काहीच झालं नाही. आकडा बघितला, मोबाईल पालथा घातला आणि ताटातली उरलेली भाकरी संपवली. आईला वाटलं, पोरगी खंबीर झाली. खंबीर कसली, बधीर झाले होते. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा आपला गाल दुसऱ्याचाच वाटतो, तसं माझं सगळंच झालं होतं. चहा गोड आहे की नाही हेही आईनं विचारल्यावर कळायचं.

घरच्या परीक्षेची कल्पना क्लासमधल्या सरांची. पालकसभेत ते म्हणाले, "पोरांना येतं सगळं, पण वेळेत येत नाही. घरी अगदी खऱ्यासारखा पेपर घ्या." अण्णांना असं काही सांगायचं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास याच्या बरोबर उलटं. त्यांना नियमांची भारी हौस. दीडला ते दार लावायचे आणि "गेट बंद" असं खरंच मोठ्यानं म्हणायचे. आत मी एकटी. आईला त्यांनी तीन तासांसाठी घरमालकीण उमाबाईंकडं धाडलेलं असायचं, भांड्यांचा आवाज नको म्हणून. मी कानातलं काढायचं, अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालायचा, पारदर्शक बाटलीत पाणी घ्यायचं. पंखा बारीक. बूड एकदा टेकलं की तीन तास उचलायचं नाही.

मोबाईलचं तर विचारू नका. माझा शनिवारी रात्री लोखंडी कपाटात जायचा तो सोमवारी सकाळी बाहेर यायचा. आईचा साधा फोन बंद होऊन अण्णांच्या खिशात. सेंटरवर मनगटी घड्याळ चालत नाही म्हणून ते स्वतःचंही काढून ठेवायचे. वेळ बघायची ती भिंतीवरच्या घड्याळात, आणि ते माझ्या पाठीमागं, दाराशेजारी. "तिथं कुठं टांगलेलं असंल काय सांगता येतंय? मान वळवून बघायची सवय ठेव," असं त्यांचं म्हणणं.

एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी मिनिटं. दोनला सुरू, पाचला बंद. बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक वजा. उत्तरपत्रिकेवरचा गोळा काळ्या बॉलपेननं भरला तरच उत्तर. नुसतं डोक्यात असून उपयोग नाही. माझी गोम तिथंच होती. मी बायोलॉजी आधी उरकायची, मग केमिस्ट्री, आणि फिजिक्सला पोचेपर्यंत माझे हात जड व्हायचे. पहिल्या रविवारी तीस गोळे कोरे राहिले. दुसऱ्या रविवारी तितकेच.

आणि मग गाडी रुळावर आली. कोरे गोळे कमी होत गेले, गुण वाढत गेले. एका रविवारी पाचशे सत्तर पडले. सर म्हणाले, एवढ्यात सरकारी कॉलेज नक्की. अण्णा पेपर तपासून उठले आणि आईला म्हणाले, "शिस्त हाय ही, शिस्त!" मग घाईनं स्टँड गाठायला निघाले. कंधारला त्यांनी हा आकडा किती जणांना सांगितला असेल देव जाणे. मला तेव्हाही काही वाटलं नाही. पाचशे सत्तर हा कुणाच्या तरी घराचा नंबर असावा तसा वाटला.

परीक्षेला दोन रविवार उरले असताना धर्माबादला चुलतभावाचं लग्न निघालं. अण्णांना जाणं भाग होतं. पर्यवेक्षकपद आईकडं आलं.

आईनं ते इतकं मनावर घेतलं की मला हसू यायला हवं होतं. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं मनगटाला रुमाल गुंडाळला आणि दाराशी पाटावर बसली ती उठलीच नाही. मी नेहमीसारखीच लिहीत होते. बायोलॉजी झाली, केमिस्ट्री झाली, फिजिक्स अर्ध्यावर आलं आणि मागून आवाज आला, "विशा, झाले की गं पाच."

मी मान वळवली. खरंच झाले होते. फिजिक्सचे कितीतरी प्रश्न मी वाचलेही नव्हते.

संध्याकाळी माझी मीच तपासणी केली. पाचशे तीन. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलावं, अशा सुरात ती म्हणाली, "या खेपेला घड्याळ तरी बराबर चाललं बघ. दर ऐतवारी माघं पडायचं मेलं. सोमवारी नळाच्या टायमाला फोनात बघावं तर ह्याच्यात येगळंच. दोनदा सेल बदलले मी."

"बाकीच्या दिवशी मागं पडायचं?"

"न्हाई बाई. ऐतवारीच."

फिजिक्समध्ये माझं डोकं चालत नसलं तरी एवढं गणित मला सुटलं. अण्णा मागं येरझाऱ्या घालायचे आणि मधेच त्यांची पावलं दाराशी थांबायची. मला वाटायचं, दमले असतील.

मी आईला काही बोलले नाही. आठवडाभर क्लासला गेले, आले, जेवले. पाचशे सत्तर माझे नव्हते, हे मनात स्वच्छ दिसत होतं. पण दुखत नव्हतं. दुखायला पाहिजे हे कळत होतं, तेवढंच.

शेवटच्या रविवारी अण्णा लग्नातली बुंदी घेऊन आले. पुढच्या रविवारी नांदेडला खरा पेपर. ते चप्पल काढेपर्यंत मी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि टेबलावर, माझ्या समोर ठेवलं.

"तिथं कशाला ठेवलालीस? सेंटरवर समोर न्हाई ठेवत."

"अण्णा, किती मिनिटं माघं घ्यायचात?"

बुंदीचा डबा त्यांच्या हातातच राहिला. आई उमाबाईंकडं निघाली होती, ती उंबऱ्यात थांबली. अण्णा कॉटवर बसले आणि फरशीकडं बघत बोलले.

"आधी पाचच घेतली हुती. तीस गोळे कोरे, अन् तू नुसती बसलेली. रडली असतीस तर मी काय बी बोललो असतो. तू रडत बी न्हवतीस. म्हणलं, एकदा पेपर पुरा झाला की पोरीला धीर येईल."

"अन् मग?"

"मग तू धीरानं लिव्हलालीस असं वाटलं. वाढवत गेलो. वीसवर गेलं."

"अवं, मी दोनदा सेल आणले की!" आई म्हणाली. कुणीच हसलं नाही.

"आता आठ दिस ऱ्हायलेत," अण्णा म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आज पेपर नको. तशीच जा, धीरानं जा."

"तिथं पर्यवेक्षक तुम्ही नसणार."

त्यांनी बुंदीचा डबा कॉटवर ठेवला.

"आज खरा घ्या," मी म्हणाले. "पाच म्हणजे पाच. मी कितीबी गयावया केली तरी कागद वढून घ्यायचा."

"मला जमायचं न्हाई, विशा."

"मग मला तिथंच कळंल. तवा उशीर झालेला असंल."

 अण्णा उठले, घड्याळ परत भिंतीला टांगलं, आईच्या फोनशी ताडून बघितलं, फोन बंद करून खिशात घातला आणि दार लावलं. "गेट बंद" म्हणायला मात्र विसरले.

त्या दिवशी मी पान संपलं की त्या पानाचे गोळे भरत गेले. अडलेला प्रश्न सोडून पुढं सरकले. फिजिक्सला नेहमीपेक्षा लवकर पोचले, तरी वेळ चिमटीतून निसटत होता. अण्णा मागं चालत नव्हते. ते दाराशी, घड्याळाला पाठ लावून उभे होते. "अर्धा तास ऱ्हायला," ते म्हणाले.

शेवटी शेवटी मला गोळे भरत जाणं सुचेना. प्रश्नपत्रिकेतच उत्तरावर टिंब द्यायची आणि पुढं जायची. मग एकदम सगळे भरायला घेतले. चार उरले होते. चारही उत्तरं समोर होती.

"वेळ संपली."

"चारच हायेत, अण्णा."

"पेन खाली ठेव."

"येतात मला! फक्त गोळे—"

त्यांचा हात आला आणि त्यांनी कागद धरला. मीही धरून ठेवला. मी दिलेला शब्द मला आठवत होता आणि तरी मी सोडत नव्हते. त्यांनी जोरात ओढला. माझ्या पेनची काळी रेघ कागदावरून टेबलावर उतरली.

मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांपुढं काही दिसेना. माझी येणारी उत्तरं होती ती, सोळा गुण होते! मी टेबलावर हात आपटला आणि हुंदका फुटला तो थांबेचना. माझा आवाज ऐकून आई उमाबाईंकडून धावत आली, मला जवळ घेऊ लागली, मी तिलाही ढकललं. दुखत होतं. छातीत, घशात, सगळीकडं दुखत होतं, आणि मी मोठमोठ्यानं रडत होते.

अण्णांनी मला गप्प केलं नाही. ते कॉटवर बसून तपासत होते. बऱ्याच वेळानं प्रश्नपत्रिका मागून घेतली, ती टिंबं बघितली.

"ही चार बराबर हायेत," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. कोरी हायेत." त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले आणि चारही धरली नाहीत. "पाचशे एकोणतीस."

सरकारी कॉलेज मिळेल किंवा नाही मिळणार, असा तो आकडा होता. मी तो ऐकला आणि मला चांगलीच भीती वाटली. नाक पुसून मी अण्णांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "उद्या रजा टाका. उद्या परत घेऊ. दोनला."