राजीखुशीचा अर्ज

आश्रुबाचा हात हलका आहे, असं अख्खी वसाहत म्हणायची. म्हणजे तो लगेच उठायचा. चहात साखर कमी पडली तरी उठायचा, शेजाऱ्याची शेळी दारात आली तरी उठायचा, आणि बहुतेक वेळा बायकोवर, जाईबाईवरच उठायचा, कारण ती जवळ असायची. राग ओसरला की तो मान खाली घालून म्हणायचा, "काय करू, आवरतच न्हाई मला." बायका म्हणायच्या, रक्तच गरम हाय गड्याचं. तव्याला गरम म्हटलं की चटका बसलेल्याचीच चूक ठरते, तसला तो न्याय.

एरवी माणूस कामाचा होता. परळीहून सिरसाळ्याकडे जाताना माळावर जो सहकारी साखर कारखाना लागतो, त्यात तो अठ्ठावीस वर्षं पॅनमन होता. उकळत्या पाकाचा थेंब दोन बोटांत धरून दाणा बसला की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. पण दोन वर्षं पाऊस नव्हता, ऊस नव्हता, आणि ऊस टाकायच्या गव्हाणीत कुत्री झोपत होती. तरीही कायम कामगार रोज सकाळी आठला गेटवर येऊन हजेरीच्या वहीत सही करायचे. पगार चौदा महिन्यांचा थकलेला. पण सही चुकली तर साहेब म्हणेल, हा आपणहून काम सोडून गेला. म्हणून थंड चिमणीखाली दोनशे माणसं सही करायची आणि दिवसभर सावली शोधायची.

मग नोटीस लागली. कारखाना कुणा बाहेरच्या शेठला भाड्यानं द्यायचा होता, आणि शेठला तो कायम कामगारांशिवाय रिकामा हवा होता. स्वेच्छानिवृत्ती घ्या, सगळं मिळून दोन लाख चाळीस हजारांचा धनादेश घ्या, आठ दिवसांत वसाहतीतली खोली सोडा. छापील अर्जात पहिलीच ओळ होती, 'मी राजीखुशीने निवृत्ती घेत आहे.'

राजीखुशी कशी असते ते रामहरीनं आधी पाहिलं. तो फिटर. त्यानं अर्ज परत केला, तर लेबर ऑफिसर सुंदररावांनी चार लोकांत त्याला आईवरून शिवी दिली. रामहरीनं त्याच्या कानाखाली वाजवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, आश्रुबानंही मारली. दोन महिन्यांत चौकशी झाली, रामहरी बडतर्फ झाला आणि त्याची ग्रॅच्युइटी जप्त झाली. शिवी कुणी दिली ते चौकशीत एकालाही आठवलं नाही. पुढं धर्मापुरीच्या रस्त्यावर तीन जणांनी त्याचा पाय गुडघ्यापासून मोडला, तो वेगळाच.

रामहरीचा पाय मोडला त्या दिवशी जाईबाईनं नवऱ्याचा अर्ज उचलला आणि त्याला ओढत पंडितरावांकडं नेलं. पंडितराव कारखान्याचे जुने टाइमकीपर. स्वतःच्या ग्रॅच्युइटीसाठी कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून त्यांनी कायदा शिकला होता, आणि जो शिकला तो फुकट वाटत होते.

"जयभीम, पंडितराव," आश्रुबा म्हणाला. "दोन चाळीस देतेत. घ्यावं का?"

"बस. पगार किती तुझा? मूळ आन महागाई भत्ता धरून?"

"तेरा हजार."

"त्येला सव्वीसनं भाग. पाचशे रोज. वर्षाला पंधरा रोजाची ग्रॅच्युइटी, म्हंजी साडेसात हजार. अठ्ठावीस वर्षांचे?"

जाईबाईनंच हिशेब केला. "दोन लाख धा हजार."

"ही तुझी कमाई हाय. त्येनी दिली न्हाई तरी तुझीच. स्वेच्छानिवृत्तीचा पैसा ह्येच्यावर मिळाया पायजे, आन ह्ये तुझाच पैसा तुला देऊन वर तीस हजारात नोकरी घेऊ लागलेत." पंडितरावांनी अर्जाच्या तळाशी नख ठेवलं. "ह्ये वाच. थकीत पगार, रजेचा पगार, ग्रॅच्युइटी, कशावरच हक्क सांगणार न्हाई. ग्रॅच्युइटी अशी कागदावर सोडून देता येत न्हाई, कायदाच मानत न्हाई. पण सही केली की भांडत बसावं लागतं. बाकीचं तर आणखी अवघड. आन राजीखुशीनं गेलास की त्येला कामगार-कपात धरत न्हाईत, कपातीची भरपाई मग मागता येत न्हाई."

"आन चुकून सही झाली तर?" आश्रुबानं विचारलं.

"संचालक मंडळानं मंजुरीचं पत्र देईस्तोवर बहुतेकदा माघारी घेता येते. त्येच दिवशी रजिस्टर पोस्टानं कळवायचं. जबरदस्तीनं घेतली आसंल तर तसं लिहायचं. पण मला तुझी भीती येगळीच हाय बे."

"कोंची?"

"तुझा हात. मारामारी केली म्हणून बडतर्फ केलं तर ग्रॅच्युइटी जप्त करता येती, कायद्यातच हाय. रामहरी उगं न्हाई चिडला, त्येला चिडवला. तू सही केलीस तरी त्येंचं काम झालं, आन मारलंस तरी झालं. तेवढाच हात खिशात ठेव."



सोमवारी हजेरीची सही करून आश्रुबा वळला, तर बंकटनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. बंकट हा सुंदररावांचा पैलवान. कारखान्यात त्याला कसलंच काम नव्हतं आणि पगार मात्र वेळेवर होता. आश्रुबाला त्यानं शेतकी ऑफिसच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं टेबलावर अर्ज होता, पेन होतं, आणि सुंदरराव मोबाइल पालथा ठेवून बसले होते.

"कर सही," सुंदरराव म्हणाले.

"मला घ्यायची न्हाई निवृत्ती, सायब. ज्येला घ्यायची त्येनं घ्यावी."

बंकटनं जुन्या कन्व्हेयरच्या पट्ट्याचा तुकडा उचलला आणि त्याच्या पाठीत ओढला. रबरात तारा होत्या. सदरा फाटला आणि पाठीवर ओलं झालं. दुसरा फटका मानेवर बसला, तिसरा कानावर. कानात शिट्टी वाजायला लागली. आश्रुबाच्या मुठी आपोआप वळल्या, आणि त्या वळताच सुंदररावांनी मोबाइल वर करून त्याच्यावर धरला. इतका वेळ तो टेबलावर पालथा होता.

तेव्हा आश्रुबाला सगळं लख्ख कळलं. त्यानं मुठी सोडल्या.

"मारा सायब," तो म्हणाला. "मी न्हाई उठवत हात."

सुंदररावांनी मोबाइल पुन्हा पालथा ठेवला. बंकटनं त्याला फरशीवर पाडलं, बुटाची टाच त्याच्या डाव्या पंजावर ठेवली आणि फिरवली. करंगळी मोडल्याचा आवाज आश्रुबाला स्वतःला ऐकू आला. तो गुरासारखा ओरडला. बंकट त्याच्या तोंडावर थुंकला, त्याच्या मेलेल्या बापाचं नाव घेतलं, पोरीचं नाव घेतलं. उजवा हात धरून त्याच्यात पेन कोंबलं. आश्रुबानं पेन टाकलं. पुन्हा कोंबलं, पुन्हा टाकलं. इतका मार त्यानं जन्मात खाल्ला नव्हता, आणि इतका वेळ त्याचा हात जन्मात खाली राहिला नव्हता.

तो ओरडला ते बाहेर ऐकू गेलं. वसाहतीला पाण्याचा टँकर यायचा तो ह्याच ऑफिसपुढं उभा राहायचा, आणि बायका घागरी घेऊन रांगेत होत्या. जाईबाईनं आवाज ओळखला. टँकरचा कॉक खोलायचा हातभर लांब लोखंडी पाना तिनं ड्रायव्हरच्या हातातून हिसकला आणि लाथेनं दार उघडलं.

बंकट वाकलेला होता; तिनं पाना त्याच्या कोपरावर घातला. पट्टा खाली पडला. "तुज्या मायला," म्हणत तो वळला तोवर दुसरा घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. सुंदरराव मोबाइल उचलून उठले.

"शूटिंग काढतोय! ह्याला बडतर्फच करतो बघ!"

"काढा," जाईबाई म्हणाली. "त्येंचा हात कुठं हाय त्ये बी नीट काढा. मारू लागलेय मी. माझं नाव हाय का तुमच्या हजेरीत? करा मला बडतर्फ!" आणि तिनं पाना सुंदररावांच्या खांद्यावर उतरवला. हाड मोडलं, मोबाइल भिंतीवर आपटला, आणि साहेब आईच्या नावानं कळवळून खाली बसले.

पण बंकट पैलवान होता. त्यानं एका पायावर झेप घेऊन तिचा अंबाडा धरला आणि धड असलेल्या हातानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटून फरशीवर पडले. त्यानं तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. आश्रुबा उठला. त्याच्या डोळ्यांपुढं लाल झालं, उजवी मूठ खांद्यापर्यंत गेली.

"हात खाली!" जाईबाई रक्ताच्या गुळणीतून ओरडली. "तुमाला माझी आण हाय! हात खाली!"

आणि आश्रुबानं हात खाली घेतला. बंकटनं तिला आणखी दोनदा मारलं. आश्रुबा भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि ते बघत राहिला. मग रांगेतल्या बायका आत घुसल्या, तुळजाबाईनं भरलेली घागर बंकटच्या तोंडावर फोडली, आणि पुढचं कुणी कुणाला किती मारलं ते कुणीच मोजलं नाही.

परळीच्या सरकारी दवाखान्यात नवराबायको दोघांच्याही जखमा पोलीस केस म्हणून वेळेसकट लिहून घेतल्या. सुंदररावांनी जाईबाईवर फिर्याद दिली, तिनंही दिली. पंडितराव तिथंच बाकावर कागद मांडीवर घेऊन बसले. 'मी कोणताही अर्ज केलेला नाही. माझ्यावर जबरदस्ती झाली. माझ्या नावे अर्ज आढळल्यास तो मागे घेतला असे समजावे व मंजूर करू नये.' एक प्रत कारखान्याला, एक बीडला सरकारी कामगार अधिकाऱ्याला. आश्रुबानं धड हातानं सही केली.

"लई शाबास," पंडितराव म्हणाले. "एक बोट उठवलं न्हाईस. आता तुला हात लावायला त्येंच्याकडं काय बी न्हाई." आणि पोस्ट बंद व्हायच्या आत ते लगबगीनं निघून गेले.

आश्रुबा खाटेशी बसला. जाईबाईच्या कपाळाला सात टाके होते, तोंडात कापूस होता. त्याला वाटलं, आज आपण मर्दासारखं वागलो, हिनंही ते पाहिलं. त्यानं विचारलं, "दुखतंय का लई?"

तिनं कापूस काढून हातात धरला.

"मला इतकी वर्सं वाटायचं," ती हळू बोलली, "की ह्या माणसाला राग आवरतच न्हाई. मग त्येचा तरी काय दोष. तेवढ्या समजुतीवर मी तुमच्याजवळ दिवस काढले."

"जाई..."

"आज तुमचं बोट मोडलं, तरी आवरला. माझे दात पाडले तुमच्यादेखत, तरी आवरला." तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. "म्हंजी आवरता येत व्हता. दोन लाख धा हजारासाठी आवरता येत व्हता. मग माझ्यासाठी काहून न्हाई आवरला, अवो?"

पाठीवरचे तारांचे वळ, मोडलेलं बोट, कानातली शिट्टी, सगळं आश्रुबाला एकदम किरकोळ वाटलं. ती रागानं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.