दातऱ्या काठाची ओवणी

रेडिओवाल्या बाईंनी मला आधीच बजावलं होतं, "ताई, अगदी सोपं बोला हं, शहरातले लोक ऐकतात." म्हणजे शहरातल्या लोकांच्या डोक्यात काही शिरत नाही, असा मी अर्थ घेतला आणि मान डोलावली.

विषय होता हातमाग कसा चालतो आणि अजून का टिकला. वीस मिनिटं, सकाळी अकरा वाजता, थेट आमच्या मागावरून. बाई एक स्टूल घेऊन बसल्या, त्यांचा आवाजवाला वायरी पसरत फिरला. माझ्या मागाभोवती कुणी फिरलेलं मला खपत नाही. पण पाहुणे होते, म्हणून मी चालवून घेतलं.

आत सासूबाई त्यांच्या खोलीत रेडिओ लावून बसल्या होत्या. सोबत बसा म्हटलं तर म्हणाल्या, "तूच बोल. तुला बोलायची हौस." आमचं दोघींचं हे असंच. त्याला कारण होतं दातऱ्या काठ.

आमच्या कापडाच्या दोन्ही काठांना दात असतात, एक मोठा, दोन लहान, पुन्हा एक मोठा. मागावर धागे ओवायच्या चौकटी लटकतात, प्रत्येकीला बारीक डोळे, म्हणजे भोकं; ते दात कुठला धागा कुठल्या चौकटीतून ओवलाय त्यावर ठरतात. एकेका काठाला बहात्तर धागे. ती ओवणी मला येत नव्हती. लग्न होऊन आले तेव्हापासून विचारत होते आणि तेव्हापासून सासूबाई एकच सांगत, "वेळ आली की सांगीन." तेवीस वर्षं झाली. वेळ काही येईना. मला वाटे, बाई जाईल वरती आणि ओवणी पदराला बांधून घेऊन जाईल. हे वाटणं चांगलं नव्हे, पण वाटायचं. कारण ओवणी गेली की काठ गेला, आणि काठ गेला की आमचा माग साधं कापड विणणार. साधं कापड विणायला यंत्रं बसलीच आहेत.

तोवर काम अडत नव्हतं, कारण माग कधी रिकामा करायचाच नाही, हा आमच्याकडचा नियम. ताणा संपला की जुन्या धाग्यांची शेपटं चौकटीत तशीच ठेवायची, नव्या ताण्याचा एकेक धागा एकेका शेपटाला सांधायचा आणि हळूच पुढे ओढून घ्यायचा. अठराशे गाठी. दोन दिवस लागतात, पण ओवणी जागच्या जागी राहते.

हे सगळं मी रेडिओवर सांगत होते आणि बरं चाललं होतं. उभे धागे म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. पायाखाली पावड्या आहेत, एक दाबली की काही चौकटी वर जातात, काही खाली. मधल्या फटीतून बाण्याचा धागा घेऊन धोटा पळतो. मग फणीने धागा ठोकून बसवायचा. मी ठोकून दाखवलं. आवाजवाल्याने अंगठा वर केला. मला, खरं सांगते, जरा चढली.

बाईंनी विचारलं, "मग यंत्र इतकं वेगात विणत असताना हे टिकलं कसं?"

"यंत्राला पोट मोठं," मी म्हटलं. "त्याला शेकडो वार एकसारखे लागतात. कुणाला दहाच वार हवे, वेगळ्या रंगाचे, आमच्यासारख्या काठाचे, तर तेवढ्यासाठी यंत्र कोण थांबवणार? तिथे आम्ही लागतो."

बाई खूश झाल्या. त्या दिवशी कापड संपतच आलं होतं, ते श्रोत्यांसमोर कापायचं ठरलं होतं. वीतभर विणून मी कात्री घेतली.

आता नीट ऐका, कारण मी जे केलं ते आमच्या घरातलं पोरही करणार नाही. ताणा संपत आला की मागची टोकं एका काठीला बांधलेली असतात. काठीला दोर, दोर भिंतीतल्या कप्पीवरून खाली, आणि त्याला धोंडा. धोंड्याने धागे ताठ राहतात. कापण्याआधी डाव्या हाताने खुंटीला वेढलेला दोर सोडायचा, धोंडा जमिनीवर टेकवायचा. मग मूठभर धागे कापायचे, त्यांची फणीपुढे गाठ मारायची, मग पुढची मूठ. हे सगळं हात आपसूक करतो. पण त्या दिवशी दोराच्या खुंटीपाशी आवाजवाल्याचा माइक होता आणि माझ्या डाव्या हाताला खुंटी सापडली नाही. तेवढ्यात बाई कुजबुजल्या, "एका दमात कापा ताई, कात्रीचा आवाज छान येईल."

मी एका दमात कापलं.

अर्ध्यावर गेल्यावर कळलं. उरलेल्या धाग्यांवर सगळा धोंडा आला होता. कात्री थांबवली, पण उशीर झाला होता. शेवटचे धागे मी कापलेच नाहीत, ते तटातटा तुटले. धोंडा धाडकन जमिनीवर आदळला आणि अठराशे धागे फणीतून, चौकटीतून सर्रकन मागे निघून गेले. मागे त्यांचा क्रम धरणाऱ्या दोन काठ्या असतात, त्याही फरफटत भिंतीकडे गेल्या. समोर सहा चौकटी रिकाम्या लटकत होत्या. लग्नाआधीपासून भरलेल्या चौकटी मी पहिल्यांदा रिकाम्या पाहिल्या.

बाईंना वाटलं काहीतरी पडलं. त्यांनी हसून विचारलं, "झालं का कापून?"

आवाजवाला हाताने 'बोला, बोला' करत होता. अकरा मिनिटं बाकी होती. हो म्हणून वेळ मारून न्यायची, की खरं सांगायचं? डोक्यात एवढंच होतं की आतमध्ये सासूबाई ऐकताहेत. धोंड्याचा आवाज त्या झोपेतही ओळखतील.

"चूक झाली," मी माइकमध्ये म्हटलं. "माझ्या हातून ओवणी निघाली. ती पुन्हा घालता येते, पण काठाची ओवणी मला येत नाही. ती माझ्या सासूबाईंना येते. आई, तुम्ही ऐकताय ना? बाहेर या. तुमची वेळ आली."

शेवटचं वाक्य जरा खोचकच होतं. सगळ्या जगासमोर नाक मुठीत धरून मागायचं, तर निदान एक टोमणा तरी माझा.

आतला रेडिओ बंद झाला. दार वाजलं. सासूबाई आल्या, रिकाम्या चौकटींसमोर उभ्या राहिल्या, एका चौकटीवरून बोट फिरवलं. बाईंनी माइक त्यांच्यापुढे धरला. मी वाट बघत होते शिव्यांची.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. बहिरी झालीस का? मी आले तेव्हा माग भरलेलाच होता. माझ्या सासूनेही मला फक्त सांधायला शिकवलं. ओवताना मी कुणालाच पाहिलं नाही. तिनेही पाहिलं होतं की नाही, देव जाणे."

"मग तेवीस वर्षं वेळ आली की सांगीन, सांगीन..."

"काय सांगणार होते? मला येत नाही म्हणून? तू मग या घरात माझं एक तरी ऐकलं असतंस का?"

हे सगळं रेडिओवर चाललं होतं. बाईंनी माइक बाजूला घेतला नाही, हे त्यांचं कौतुक.

मला संताप आला, आणि त्याच्या पाठोपाठ हसू आलं, आणि मग सासूबाईंची दया आली. ज्या गोष्टीच्या जोरावर त्या माझ्यावर डोळे वटारत होत्या, ती त्यांच्याकडे नव्हतीच. आणि दर वेळी कापताना धोंडा नीट टेकतो की नाही, हे बघत त्या जीव मुठीत धरून जगत होत्या. माझ्यापेक्षा त्याच जास्त.

मग माझी नजर मांडीवरच्या कापडाकडे गेली. काठ तिथे होता. विणलेला.

"आई, सुई आणा. आणि तुमचं भिंग."

त्या तरातरा गेल्या आणि घेऊन आल्या. मी काठ उजेडात धरला आणि श्रोत्यांना सांगायला लागले. सांगितल्याशिवाय मलाच सुचलं नसतं. जे धागे एकाच चौकटीत असतात ते नेहमी बरोबर वर येतात, बरोबर खाली जातात. म्हणजे कापडात प्रत्येक आडव्या ओळीत कुठले उभे धागे वर आहेत ते बघायचं. जे दर ओळीला सोबत दिसतील ते एका चौकटीतले. आणि कितव्या पावडीला कुठल्या चौकटी उठतात ते माझ्या पायांना पाठ आहे. पहिल्या दोन चौकटी कापडाच्या अंगाच्या, मधल्या साध्या भागाच्या, म्हणजे काठ उरलेल्या चारांत असणार.

"एक ओळ," मी म्हटलं. सुईच्या टोकाने धागे मोजले. "वर, वर, खाली, खाली, वर..."

सासूबाई बाजूला बसल्या. बाईंच्या कागदाच्या पाठीवर खुणा करू लागल्या, वर असेल तर उभी रेघ, खाली असेल तर टिंब. मी चुकले की भिंगातून बघून म्हणत, "पुन्हा मोज. घाई कसली?" चौथ्या ओळीला मी खरंच चुकले होते. आठव्या ओळीनंतर रेघांकडे बघता बघता पहिला मोठा दात उलगडला. तीन, चार, पाच, सहा, चार, पाच, तीन. सरळ पायरीने जात नव्हता, मध्येच उलटा फिरत होता. अंदाजाने कुणाला जमलं नसतं.

"सापडला," मी ओरडले. तिकडे कुठेतरी शहरात लोकांचे कान बसले असतील.

एक मिनिट उरलं होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि सासूबाईंना घाईघाईने विचारलं, "आजी, शेवटचं. तुमच्या मते हातमाग इतकी वर्षं का टिकला?"

मला वाटलं आता परंपरा, संस्कृती असलं काहीतरी येणार. रेडिओसमोर माणसाला तेच सुचतं.

सासूबाईंनी रिकाम्या चौकटींकडे पाहिलं. "आम्हाला कापायची भीती वाटायची म्हणून," त्या म्हणाल्या. "पुढचं हिला विचारा."

आवाजवाल्याने बटण दाबलं. कार्यक्रम संपला. बाईंनी माफी मागितली, मी म्हटलं, कात्री माझ्या हातात होती. ते वायरी गुंडाळून गेले. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी बहात्तरही धागे वाचले. सासूबाईंनी वहीत ते स्वच्छ उतरवले, आणि नंतर दुसऱ्या वहीत पुन्हा उतरवले. एक माझ्या ट्रंकेत, एक त्यांच्या. वहीवर काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "काठाची ओवणी लिही. माझं नाव घालू नकोस, उगाच खोटं."

मग मागे काठ्यांवर क्रमाने अडकलेले धागे आम्ही पुढे घेतले. ओवायला दोन माणसं लागतात. एकाने मागून धागा द्यायचा, एकाने तारेच्या आकड्याने चौकटीच्या डोळ्यातून ओढायचा. मला वाटलं, सासूबाई मागून धागे देतील, तर त्या तिकडे जायचं सोडून पुढच्या फळीवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा ओवायला.

मी मागे गेले आणि पहिला धागा पुढे केला.

"कितव्या चौकटीत?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या, आई."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी आकडा तिसऱ्या चौकटीच्या डोळ्यात घातला.