यादीत नसलेली पुरचुंडी

मी लिहिलेली जाहिरात मालाच्या फोटोखाली अशी असते: ‘परदेशातल्या आपल्या माणसांसाठी वऱ्हाडी काळा मसाला, जवसाची चटणी, सांडगे, ज्वारीचे पापड, शेव. किमान ऑर्डर पाच किलो. ऑस्ट्रेलियाला विमानाने दहा ते चौदा दिवस. तूप, बिया, ताजा पाला पाठवत नाही. कस्टम्सने खोका थांबवला तर दिवस वाढतात, ते आमच्या हातात नाही.’

शेवटच्या वाक्यावर माझा फार जीव. लोक विचारतात, पाच किलो काहून? अर्ध्या किलोचं विमानभाडं मालापेक्षा जास्त होतं, म्हणून. हे दिवसातून चारदा सांगून माझं डोकं फिरतं, मग मी ती जाहिरातच पाठवते.

मेलबर्नच्या आचलने मात्र हा प्रश्न विचारला नाही. मूळची दर्यापूरची. सात किलोची ऑर्डर देऊन तिने खाली लिहिलं होतं, ‘दोन आठवड्यांनी, रविवारी डोहाळजेवण आहे. आई मागच्या वर्षी गेली. आपल्याकडचं ताटात असावं म्हणून तुमच्याकडून मागवते. वेळेत येईल ना?’

येईल, असं मी छातीठोकपणे कळवलं. अमरावतीच्या आमच्या शेडमध्ये इंदूबाईंनी खोका भरला. मसाला त्याच भाजतात, पाकिटं त्याच मोजतात. मी वरची यादी केली, प्रत्येक पाकिटाचं नाव, वजन, त्यात काय काय पडलं ते. नवव्या दिवशी खोका मेलबर्नला उतरला. गुरुवारी कुरिअरवाल्यांचा मेल आला, सोबत एक फोटो.

स्टीलच्या टेबलावर लाल कापडाची सुटलेली गाठ, आणि तिच्यात मूठभर बी. यादीत नाव नाही, वर लेबल नाही. कस्टम्सवाले बी नष्ट करणार, आता एकेक पाकीट उघडून तपासणार, बाकीचा माल सुटायला आठ-दहा दिवस लागणार.

माझा तोल गेला. फोटो इंदूबाईंच्या नाकासमोर धरला. “मावशी, हे काय आहे?”

“अंबाडीचं बी,” त्या पापडाची चळत सरळ करत म्हणाल्या.

“ते मलाही दिसतंय! कोणाला विचारून घातलं?”

“पोरगी पोटुशी हाय, माय नाही तिले. डोहाळ्यात अंबाडीची भाजी खावीशी वाटते. तिथं कोन देईन? कुंडीत पेरून घेईन म्हटलं.”

“बिया चालत नाहीत, हे शंभरदा सांगितलं नाही मी?”

“विकाले चालत नाही म्हनलं होतं तुनं. हा वानोळा व्हता. लेकीच्या घरी कोनी मोजून-मापून पाठवते का?”

वानोळा म्हणजे शेतातलं, घरातलं थोडंसं काही आपल्या माणसाला द्यायचं. त्याला यादी नसते. पण विमानाने जाणाऱ्या खोक्यात जे यादीत नाही ते लपवलेलंच धरतात, हे मी त्यांना समजावलं. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

“मंग पोरीचं जेवन?”

दुसरा खोका रविवारपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आता आचलला काय सांगायचं? जाहिरातीतलं शेवटचं वाक्य पाठवलं असतं तर काम भागलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता. मी ते टाईपसुद्धा केलं. मग स्वतःचीच लाज वाटली, पुसलं आणि फोन लावला.

“आचल, खोका अडकला, रविवारी पोचत नाही. चूक कस्टम्सची नाही, आमची आहे,” मी म्हणाले आणि अंबाडीचं सगळं सांगितलं. इंदूबाई शेजारी पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

मी शिव्या खायची तयारी ठेवली.

“कोणी बांधलं ते?” आचलने विचारलं.

“आमच्या इंदूबाईंनी. रागावू नकोस त्यांच्यावर, माझं रागावून झालंय.”

“त्यांना द्या फोन.”

मी स्पीकर सुरू केला. इंदूबाई फोनपासून हातभर लांब उभ्या राहूनच बोलल्या, “चुकलं व माय. तुह्या जेवनाचा इस्कोट केला मी.”

“मावशी, जेवन पुढच्या रविवारच्या पुढं ढकलतो, खोका येऊ द्या,” आचल म्हणाली. इतके दिवस माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलणारी पोरगी रडत रडत दर्यापूरची झाली होती. “आई गेल्यापासून मले जे काई आलं, ते मीच मागवलेलं व्हतं. न मागता कोनी काही पाठवलंच नव्हतं.”