कापलेला रकाना

माझ्या नणंदेनं फोन माझ्या औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर असा आपटला की शेजारी उभ्या असलेल्या काकांनी आपली डोळ्यांच्या थेंबांची बाटली चटकन उचलून घेतली.

"ही औषधं दे. पटकन. आईला गोळी द्यायची आहे."

ताई आणि मी दोन वर्षं एकमेकींशी सरळ बोललेलो नाही. सासूबाई माझ्या घरातून तिच्या घरी राहायला गेल्या तेव्हापासून. का गेल्या ते सांगत बसले तर हे दुकान बंद करायची वेळ होईल. थोडक्यात सांगायचं तर घर माझं होतं आणि स्वयंपाकघर त्यांचं, आणि दोघींनाही दोन्ही हवं होतं. आता सासूबाई आठवडाभर दवाखान्यात होत्या तेव्हा माझा नवरा रोज जायचा. मी गेले नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता जाण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही. ताप आहे, अशक्तपणा आहे, एवढंच मला नवऱ्याकडून कळलं होतं.

मी फोन उचलला. दवाखान्यातून घरी सोडताना देतात त्या कागदाचा फोटो होता. वर सासूबाईंचं नाव, तारीख, आणि खाली औषधांचा तक्ता. औषध, किती मिलिग्रॅम, सकाळ, दुपार, रात्र. पाच-सहा गोळ्यांची नावं एकाखाली एक, समोर बरोबरच्या खुणा. चौथ्या ओळीत सांध्यांची ती पिवळी गोळी, मेथोट्रेक्सेट. तिच्यासमोर सकाळच्या घरात खूण.

"ही गोळी आईंना आठवड्यातून एकदाच असते," मी म्हणाले.

"असायची. आता रोज केली आहे. दिसत नाही? सकाळी एक."

"ही गोळी सांध्यांसाठी कुणी रोज देत नाही ताई. आठवड्यातून एकच. रोज घेतली तर माणूस जातो."

हे मी भर दुकानात, चढ्या आवाजात, अगदी छातीठोकपणे सांगितलं. काकांनी मान डोलावली. त्यांना गोळीतलं काही कळत होतं असं नाही, पण ते थेंब उधारीवर नेतात आणि माझ्या बाजूनं असतात.

"म्हणजे दवाखान्यातले डॉक्टर मूर्ख आणि तू शहाणी?" ताई म्हणाली. "आईचे हात आखडलेत. रात्रभर कण्हते. दुखणं वाढलं म्हणूनच रोज केली असेल ना? पण नाही. डॉक्टरीणबाईंना सासूवर उगवायचा सूड आहे."

मला काहीतरी झणझणीत सुचलं होतं, पण तेवढ्यात मी फोटो मोठा करून पाहिला आणि जीभ आवरली. तक्त्याच्या डाव्या बाजूला बोटभर कोरी जागा होती, मग पहिली उभी रेघ. उजव्या बाजूला कोरी जागाच नव्हती. 'रात्र'च्या घरानंतर उभी रेघ, आणि तिच्याही पुढे सगळ्या आडव्या रेघा फोटोच्या कडेपर्यंत जात होत्या. कागद तिथं संपलेला नव्हता. फोटो संपला होता. खाली डॉक्टरांची सही होती, तीही अर्धीच. वर पुढच्या तपासणीच्या तारखेचा दिवस दिसत होता, महिना नाही.

"ताई, फोटोची कड कापली गेली आहे. इथं अजून एक रकाना आहे."

"असेल काहीतरी, शेरा वगैरे. औषध दिसतंय, वेळ दिसतेय, अजून काय हवं?"

"जे दिसत नाही ते हवं."

"मग ही गोळी सोड. बाकीच्या तरी दे."

"तो रकाना सगळ्याच ओळींना आहे. एकही देता येणार नाही."

"एकही?"

"एकही नाही."

ताईनं मागं वळून काकांकडे, मग रस्त्याकडे, मग बहुधा देवाकडे पाहिलं. "बघा हो बघा! स्वतःच्या सासूला औषध नाकारते! दारावर पाटी काय, 'आपल्या सेवेत'!"

कागद कुठं आहे विचारलं तर तो माझ्या नवऱ्यानं नेला होता, दवाखान्याचं बिल त्याच्या ऑफिसात भरून मिळतं म्हणून. तिथं जमा करण्याआधी त्यानंच फोटो काढून बहिणीला पाठवला होता. मला नाही, बहिणीला! हे मी मनात नीट घडी घालून ठेवलं, संध्याकाळसाठी. त्याला फोन लावला. उचलेना. दवाखान्यात लावला. वॉर्डातली नर्स म्हणाली, फाइल रेकॉर्डला गेली, रेकॉर्डवाला म्हणाला, फोनवर काही सांगत नाही, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, नंतर करा.

"झालं समाधान?" ताई म्हणाली आणि घरी फोन लावून तो माझ्या कानाला टेकवला.

"कोण गं?" सासूबाईंचा आवाज. जड, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. मी आहे, असं सांगितलं. मग म्हणाल्या, "हाताच्या मुठी उघडत नाहीत बघ. देतेस का गोळी?"

ही बाई कधी काही मागत नाही. माझ्या घरात सहा वर्षं राहिली, एकदाही पाणी मागितलं नाही, उठून घ्यायची आणि मला ऐकू जाईल असा तांब्या ठेवायची. मला भरून आलं, आणि भरून आलं याचा रागही आला.

मी पट्टी काढली. कात्रीनं एकच गोळी कापली. आठवड्याची एक तर त्या आधीही घेतच होत्या, आज एक दिली तर काय बिघडतं? कागद मिळाला की बाकीचं बघू. पाकीट घेतलं, नाव लिहिलं, गोळीचं नाव लिहिलं, आणि 'कशी घ्यावी' इथं लिहायला पेन टेकवलं.

आठवड्यातून एक. हे मी कुठं वाचलं? या कागदावर तर नाही. ताई त्या कापलेल्या जागेत 'रोज' भरत होती आणि मी 'आठवड्यातून' भरत होते. माझा अंदाज शिकलेला होता एवढंच. पण होता अंदाजच.

मी गोळी पुन्हा डब्यात टाकली आणि पाकीट फाडलं.

"नाही ताई. पूर्ण फोटो आल्याशिवाय नाही."

आता मात्र ती ओरडली नाही. हळू आवाजात बोलली, आणि ते जास्त लागलं. "आईचा आवाज ऐकूनही तुझा हात धजला नाही. तुझी आई असती तर?" मग पर्स खांद्याला लावत म्हणाली, "नको देऊस. घरी जुन्या पट्टीत उरल्यात. आज एक देते, उद्या सकाळी दुसरी. आणि परत आमच्या दारात पाऊल ठेवू नकोस."

ती गेली. काकाही गेले, पैसे नंतर देतो म्हणून. मी दात-ओठ खात नवऱ्याला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. शेवटी उचलला.

"मीटिंगमध्ये होतो. काय आग लागली?"

"आईंच्या कागदाचा फोटो अर्धवट काढलाय तुम्ही."

"अर्धवट कसा? चांगला नीट काढला. बाजूला टेबलावर चहाचे ग्लास दिसत होते, घाणेरडं वाटत होतं, म्हणून तेवढं कापून पाठवला."

माझ्या नवऱ्याच्या टापटिपीचं सगळ्या नातेवाइकांत कौतुक आहे. मी काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं मुकाट्यानं न कापलेला फोटो पाठवला.

उजवीकडे दोन ग्लास होते, त्यातल्या एकात माशी. आणि ग्लासांच्या अलीकडे शेवटचा रकाना. वर छापलं होतं, 'यापुढे'. पहिल्या ओळीत चालू. दुसऱ्या ओळीत अर्धी करावी. तिसऱ्यात चालू. चौथ्या ओळीत, पिवळ्या गोळीपुढे, बंद. त्याखाली बारीक अक्षरात, रक्तातील पेशी कमी, पुन्हा सुरू करू नये.

तक्त्यात आधीपासूनची औषधं लिहिली होती आणि त्यांचं यापुढे काय करायचं ते या एकाच रकान्यात होतं. मी ताईला फोन लावला. कट. परत लावला. कट. तिसऱ्यांदा लावला तर बंदच. फोटो पाठवला, तो पोहोचेचना. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, गल्ला उघडाच राहिला, आणि धावत सुटले. तिचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. या वयात, या चपलांत, लोक बघत होते. बघू देत.

दार ताईनं साखळी लावून फटीएवढं उघडलं. "सांगितलं होतं ना, पाऊल—"

"दिली का गोळी?"

"तुला काय करायचंय?"

"दिली का नाही ते सांग आधी!" मी तिला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं. फोन फटीतून आत खुपसला. "वाच! शेवटचं घर वाच!"

तिनं वाचलं. तिच्या तोंडावरचा राग गेला नाही, पण त्याखालचा रंग गेला. तिनं साखळी काढली.

सासूबाई खोलीत पलंगावर बसल्या होत्या. समोर दुधाचा कप, आणि न उघडणाऱ्या त्या मुठीत पिवळी गोळी. ओठ फुटलेले, तोंडात फोड. गरम काही घशाखाली उतरत नव्हतं, म्हणून दूध निवायची वाट बघत होत्या. मी काही न बोलता त्यांची बोटं सोडवली आणि गोळी काढून घेतली. मग उशाची पट्टीही घेतली. तापाच्या जोडीला फोड, फुटलेले ओठ. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ही गोळीच अंगावर उलटली आहे हे मी फोटोकडे न बघताच ओळखलं असतं. पण मी बघायला गेले असते तर सांगावंही लागलं नसतं.

"फोटो कापला कुणी?" ताईनं दारातूनच विचारलं. आवाज अजून भांडणाचाच.

"तुमच्या टापटीप भावानं."

"तूच लावला असशील त्याला ती सवय."

"काय झालं ते मला सांगाल का कुणी?" सासूबाई म्हणाल्या.

मी सांगितलं. ही गोळीच तुमचं रक्त खात होती, डॉक्टरांनी ती साफ बंद केली आहे, आणि ताई ती तुम्हाला रोज देणार होती. शेवटचं वाक्य मी जरा जोरातच म्हणाले.

"आणि तू? तू काय म्हणत होतीस दुकानात?" सासूबाईंनी मला विचारलं.

"आठवड्यातून एक," ताई लगेच म्हणाली. "सगळ्या गावासमोर!"

सासूबाईंनी दुधाचा कप हळूच बाजूला सारला.

"म्हणजे हिच्या हातून आठवड्यात गेले असते आणि तुझ्या हातून महिन्यात. लेकीत आणि सुनेत एवढाच काय तो फरक."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. आणि पहिल्यांदाच आम्ही दोघींनी एकाच वेळी तो दुधाचा कप उचलायला हात पुढे केला.