मी भरलेला शब्द

समुद्रातल्या बोटींचे संदेश घेणाऱ्या आमच्या किनारा केंद्रात एक साधा नियम आहे. रेडिओवर जो शब्द ऐकू आला नाही, त्याची जागा नोंदवहीत रिकामी सोडायची. अंदाज असेल तर तो कंसात. अकरा वर्षं नवख्यांना हे मीच शिकवत आले, आणि तेही जरा तोऱ्यातच.

त्या दुपारी एका मासेमारी बोटीचा संदेश आला. "इंजिन बंद पडलंय. पाणी शिरतंय. चौघे आहोत. बेटाच्या..." इथे नुसती खरखर, एकच शब्द गेला, "...अंगाला आहोत. मनोरा दिसत नाहीये." मी तीनदा परत विचारलं. उत्तर आलं नाही.

वारा उत्तरेचा होता. अशा वाऱ्यात कोणीही शहाणा माणूस बेटामागे, दक्षिणेला आडोसा घेणार. मी 'दक्षिण' लिहिलं. कंस केला नाही.

आमचे वरिष्ठ, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते बचावबोटीला कळवत होते. माइकवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "दक्षिण ऐकलंस ना नक्की?"

"हो हो, ऐकलं."

इतकं सहज बोलून गेले, की क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

बचावबोट पस्तीस मिनिटं दक्षिणेला घिरट्या घालत राहिली. तिथे कोणी नव्हतं. मी नोंद पुन्हा वाचली. दीपगृहाचा मनोरा बेटाच्या दक्षिण टोकावरच आहे. हवा स्वच्छ होती. तिकडे असते तर तो समोरच दिसला असता. बेटावरच्या टेकडीआड तो जातो, ते उत्तरेकडून बघितलं तरच. शिवाय इंजिन बंद असलेली बोट आडोशाला जाणार कशी? उत्तरेचा वारा तिला ढकलत बेटाच्या उत्तर अंगालाच आणणार. हरवलेला शब्द त्यांच्याच बाकीच्या बोलण्यात होता. मला शहाणपणा सुचला होता.

"मास्तर, तो शब्द मी ऐकला नव्हता. ते उत्तरेला असणार."

माझ्याकडे न बघता त्यांनी माइकवरून बचावबोट उत्तरेला वळवली.

तिघे बुडत्या बोटीला धरून तरंगताना सापडले. चौथ्याचा हात दहा मिनिटांपूर्वीच सुटला होता.

मास्तरांनी बजावलं होतं, "चौकशी होईपर्यंत कोणापाशी चकार शब्द काढायचा नाही." तीन दिवसांनी त्या चौथ्याचा भाऊ केंद्रात आला. हाताला बँडेज होतं.

"ताई, रेडिओवर मीच होतो. जाम घाबरलो होतो. बचावबोट आधी दक्षिणेला गेली म्हणे. माझ्याच तोंडून चुकून 'दक्षिण' गेलं का हो? आई सारखी विचारतेय, तू सांगितलंस तरी काय म्हणून."

मास्तर खाकरले. मला ते ऐकू आलं.

"तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकूच आलं नाही," मी म्हणाले. "'दक्षिण' मी माझ्या मनाने लिहिलं. आणि विचारल्यावर ऐकलं म्हणून सांगितलं."

त्याने खिशातून फोन काढला, आईला लावला आणि माझ्यापुढे धरला.

"तुम्हीच सांगा तिला."