धाकटीचे केस

धाकटीने केस घरीच सोनेरी केले. मी तिची सख्खी बहीण, सलून चालवते, पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. वर ते डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळून धुतले, टॉवेलने खसाखसा पुसले आणि तशीच बाबांना भेटायला गेली.

बाबांची नजर केव्हाच गेली, आता आठवणही चालली आहे. आम्हा दोघींना ते डोक्यावरून हात फिरवून ओळखतात. माझे केस राठ, तिचे मऊसूत. त्या दिवशी त्यांची बोटं तिच्या केसांत अडकली. त्यांनी हात मागे घेतला.

"ही आमची धाकटी नव्हे. कोण तुम्ही, बाई?"

ती तिथे रडली, मग माझ्या सलूनच्या खुर्चीत येऊन रडली. मला राग आला होता आणि तो मी गिळला नाही.

"अक्कल गहाण ठेवली होतीस का? ब्लीचने केसाचं वरचं कवच उचकटतं. मग केसात केस अडकणारच."

"बोल हवं ते, ताई. पण पहिल्यासारखे कर."

पहिल्यासारखे होत नाहीत, हे मी गिऱ्हाइकांना रोज तोंडावर सांगते. तिला सांगवेना. केस भिजवले, मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत कंडिशनर थापलं आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन टोकाकडून सुरुवात केली. गुंत्याच्या वर बट मुठीत धरली की मुळाला ओढ बसत नाही. खालचा गुंता सुटला की जरा वर सरकायचं. पण टोकांना इतके फाटे फुटले होते की सोडवलेलं पुन्हा तिथेच गुंतायचं.

"टोकं कापावी लागतील."

"अर्धाच इंच हं. तुम्हा सलूनवाल्यांचा नाही, आमचा अर्धा इंच."

कापावे लागले त्याहून बरेच जास्त. शेवटी तिच्या केसांतून हात सरळ खाली उतरला.

"झाले ना बरे?"

"मऊ झालेत. बरे नाही. दर धुण्याला कंडिशनर लावशील तोवर असे लागतील."

दुसऱ्या दिवशी दोघी गेलो. बाबांनी हात फिरवला. बोटं कुठे अडली नाहीत, तसा त्यांचा चेहरा फुलला.

"आलीस का गं."

ती हसली. मला रडू आलं. बाबांनी आवाज खाली आणला.

"काल एक बाई आली होती. रडत होती बिचारी. मी हात काढून घेतला तिच्यावरून. तिला शोध गं."

"सापडली, बाबा. मीच ती."

"तू कशी असशील? तू तर इथे आहेस."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी तिचे केस हातात धरूनच ठेवले आणि तोंड दाराकडे वळवलं, त्या बाईची वाट बघत.