नऊ वर्षांचे आजोबा

‘गेमचं सदस्यत्व चालू’ असं टीव्हीवर दिसत होतं, तरी आन्सेल्मो आजोबांना मित्रांच्या ऑनलाइन शर्यतीत शिरता येईना.

“नेट मेलंय,” ते गुरगुरले.

नात ताला त्याच गेमवर स्वतःच्या खात्यातून गेली, तर लगेच आत. “नेट ठणठणीत आहे, लोलो.” आजोबांना ती लोलोच म्हणायची. “घोळ तुमच्या खात्यात आहे.”

तिने खात्याची माहिती उघडली आणि हसत सुटली. “वय नऊ?”

“जरा तरुण वाटावं म्हणून टाकलं गं.”

“लहान मुलांना ऑनलाइन खेळायला पालकाची परवानगी लागते. तुमच्या खात्यात पालक म्हणून माझंच नाव आहे!” तिने आजोबांनी ताटात तशीच ठेवलेली कारल्याची भाजी पुढे सरकवली. “आधी हे संपवायचं, बाळ.”

तोंड वेडंवाकडं करत आजोबांनी ताट साफ केलं. तालाने फोनवरून परवानगी दिली, आणि पहिल्याच वळणावर आजोबांची गाडी खड्ड्यात गेली.